हरड्याच्या जमिनीवर काळा-लाल ठसा: हे कापड शब्दांत कसं सांगायचं

प्रश्न: मी नागपुरात घरूनच ठसेकामाचे सुती दुपट्टे विकते. मलमल हरड्यात भिजवून त्यावर लोखंडाचा काळा आणि मंजिष्ठेचा लाल असं छापून घेते. फोटोखाली 'मऊ, सुंदर, नैसर्गिक रंग' याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही. गिऱ्हाईक मग 'रंग फोटोसारखा नाही', 'छाप हलली आहे', 'पिवळट का दिसतं' म्हणून परत पाठवतं. हे कापड दिसतं कसं, हाताला लागतं कसं, हे नेमकं कसं सांगायचं?

उत्तर:

ताई, 'मऊ' आणि 'सुंदर' हे दोन शब्द काही दिवस वापरायचे नाहीत असं ठरवून टाका. गिऱ्हाइकाच्या तीनही तक्रारींचं मूळ छापणाऱ्याच्या शेडमध्ये आहे आणि तुम्हाला हवे असलेले शब्दही तिथेच आहेत. जमीन, म्हणजे छापेखालचा कापडाचा रंग, पिवळट का आली, काळ्यात निळसर झाक कुठून आली, रेघेच्या आणि भरणीच्या मधे फट का राहिली, हे एकदा डोळ्यासमोर आलं की वर्णन जुळवावं लागत नाही. मी 22 वर्षं हेच काम करते, हिंगण्याच्या बाजूला माझी छोटी शेड आहे. गेल्या दिवाळीनंतर काढलेल्या 12 दुपट्ट्यांच्या एका घाण्यावरून सांगते.

अडीच मीटरचे 12 दुपट्टे, कोरी मलमल, सुकं वजन 2 किलो. वजन आधी करायचंच, कारण पुढचं सगळं प्रमाण त्यावर चालतं. कोऱ्या कापडात खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेण असतं. 2 किलोला साधारण 60 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून दीड तास उकळलं. पाणी चहासारखं झालं. कापड वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. थेंब लगेच पसरून शोषला गेला तर कापड तयार आहे. मण्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. इथे आळस केला तर पुढे रंगात ठिपके येतात, आणि मग ते ठिपके 'हाताच्या कामाची खूण' म्हणून विकण्याचा मोह होतो. ती खूण हाताची नसते, न निघालेल्या खळीची असते.

मग हरडा. 2 किलो कापडाला 400 ग्रॅम हरड्याची पूड, इतवारीत किराण्याच्या घाऊक दुकानात मिळते तीच, फक्त बारीक दळून घेतलेली. आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची आणि त्यात कापड तासभर हलवत ठेवायचं. पिळायचं, पण धुवायचं नाही, तसंच उन्हात पसरायचं. सूत स्वतःहून तुरटी किंवा लोखंड नीट धरत नाही. हरड्यातलं तुरट द्रव्य धाग्यात बसतं आणि पुढे आलेल्या धातूला पकडून ठेवतं. सावंतवाडीचा असो की मेळघाटचा, काम तेच, पण त्याच वेळी हरडा कापडाला स्वतःचा रंगही देतो. तुमचं गिऱ्हाईक ज्याला पिवळट म्हणतं, तो हा रंग. उन्हाकडची बाजू किंचित गडद येते, म्हणून मी मधे एकदा कापड उलटते.

इथेच पाण्याचं सांगून टाकते, कारण आपल्याकडे त्यावर बरंच ठरतं. बोअरच्या पाण्यात लोखंड असेल तर हरड्याची जमीन पिवळी न येता राखी येते. ओळखायला सोपं आहे. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, चिमूटभर हरड्याची पूड टाका, दहा मिनिटं थांबा. पाणी पिवळसर राहिलं तर चालेल, करडं-काळसर पडलं तर ते पाणी हरड्याला आणि लालाला वापरू नका. नुसतं जड पाणी मात्र लालाचं वाकडं करत नाही. मंजिष्ठेच्या लालाला चुना हवाच असतो, त्यामुळे विहिरीच्या जड पाण्यात लाल उलट खुलतो. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून बायका वैतागतात, रंगारी मात्र खूश असतो.

काळा रंग म्हणजे लोखंड आणि गूळ. गंजलेले खिळे, तुटलेले नाल असं भंगार भाजून, घासून घ्यायचं. 1 किलो लोखंडाला पाव किलो गूळ आणि 5 लिटर पाणी, मातीच्या मडक्यात, तोंडाला फडकं बांधून. हिवाळ्यात मी तीन आठवडे ठेवते, मे महिन्यात दहा दिवसांत काम होतं. वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. झालं की नाही ते डोळ्याने ठरवायचं नाही. हरड्याच्या कापडाच्या तुकड्यावर एक थेंब टाकायचा. आधी करडा दिसतो आणि बघता बघता काळा होत जातो. मग ते पाणी गाळून चिंचोक्याच्या पिठाने शिजवून घट्ट करायचं, ठशाला पुरेल इतकंच.

या काळ्याचं वर्णन करताना लोक 'गडद काळा' लिहितात आणि फसतात. हा काळा जुन्या दौतीतल्या शाईचा आहे, आणि मी ही उपमा म्हणून सांगत नाही. ती शाई झाडाचं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचीच व्हायची. म्हणून त्यात निळसर-जांभळी झाक असते, उन्हात ती दिसते, ट्यूबलाइटखाली हरवते. रासायनिक काळ्यासारखी चमक याला येत नाही. 'शाईसारखा काळा, उन्हात किंचित जांभळट' असं लिहिलं की गिऱ्हाइकाला नेमकं कळतं, आणि घरी नेऊन उन्हात धरल्यावर ते तसंच दिसतं.

लालाची गंमत अशी की छापताना लाल नसतोच. छापतो ती तुरटी. लिटरभर गरम पाण्यात 150 ग्रॅम तुरटी विरघळवून ती धावड्याच्या डिंकाने घट्ट करायची, आणि छाप कुठे पडली ते दिसावं म्हणून चिमूटभर गेरू. गेरू पुढे धुण्यात निघून जातो. काळ्याच्या रेघेच्या आत तुरटीची भरणी, दोन्ही वाळल्यावर मी कापड चार दिवस तसंच टांगून ठेवते. मग धुणं, आणि मग मंजिष्ठेचं पाणी: 2 किलो कापडाला 1 किलो मुळांचा भरडा, रात्रभर भिजवलेला, त्यात मूठभर धायटीची फुलं म्हणजे रंग एकसारखा चढतो. भांडं स्टीलचं किंवा तांब्याचं, लोखंडी कढई नको. पाणी बोट घालवणार नाही इतकं गरम, पण उकळी येऊ द्यायची नाही. उकळलं की मंजिष्ठा तपकिरी होते. दीड तास हलवत राहायचं. ज्या ठिकाणी तुरटी आहे तिथे लाल उगवत जातो, जिथे लोखंड आहे तिथे काळा अजून भरतो, आणि नुसत्या हरड्याच्या जमिनीवर पुसट तांबूस छटा येते.

ती छटा लिहायला विसरू नका. तुमच्या दुपट्ट्याची जमीन शेवटी हरड्याची पिवळी राहिलेलीच नाही, ती तांबूस सायीसारखी झालेली आहे, मातीच्या भांड्यात आटवलेल्या दुधावरची साय असते तशी. 'पांढऱ्या कापडावर' असं फोटोखाली लिहिलंत तर ती तक्रार तुम्हीच मागवून घेतली. लालही कुंकवाचा नाही. भारतीय मंजिष्ठेचा लाल नारिंगीकडे झुकतो, म्हणून त्याला मी 'विटकरी लाल' म्हणते. एखादा घाणा गडद आला तर 'डाळिंबाच्या सालीचा लाल', सालीचा, दाण्यांचा नव्हे. असे शब्द एकदा ठरवले की त्या रंगाचा तुकडा वहीत चिकटवून खाली तोच शब्द लिहून ठेवा. नाहीतर आज ज्याला विटकरी म्हणाल त्यालाच पुढच्या महिन्यात गेरूचा म्हणाल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, राग मानू नका. बाजारात पुडीत मिळणारं अलिझारीन वापरून लाल काढला असेल तर तो 'मंजिष्ठेचा' किंवा 'वनस्पतीचा' म्हणून लिहू नका. मंजिष्ठेच्या कुळातल्या लालाचं हे द्रव्य 1869 पासून कारखान्यात बनतं. आपल्या वऱ्हाडात एके काळी आल नावाच्या झाडाची, त्याच्या मुळांसाठी शेती होती, लाल रंगासाठीच. ती याच पुडीपुढे टिकली नाही. अलिझारीनचा लाल वाईट नाही, छापायची रीतही हीच. फक्त तो जास्त थंड आणि सपाट लाल येतो, आणि गिऱ्हाइकाला तुम्ही मुळाचं सांगून पुडीचं दिलेलं असतं.

आता छापेबद्दल. ठसा लाकडाचा, दोन तुकड्यांत: एक रेघेचा, एक भरणीचा. रेघेचा ठसा छापून पुढे सरकताना त्याच्या कोपऱ्यावरची बारीक खूण आधीच्या छापेशी जुळवतात. भरणी नंतर डोळ्याने त्या रेघेत बसवतात. 12 दुपट्ट्यांवर मिळून हजारभर छापा पडतात आणि प्रत्येक वेळी हाताचा दाब थोडा वेगळा. म्हणून कुठे भरणी रेघेला चिकटते, कुठे सुताएवढी फट राहते. दोन छापा जिथे मिळतात तिथे जोड किंचित गडद दिसतो. पाकळीच्या कडेला रंग साचतो आणि मधे थोडा फिका पडतो. स्क्रीनवर छापलेल्या कापडात हे नसतं, तिथे पहिली आणि शंभरावी पाकळी एकच असते. वर्णनात हे माप देऊन लिहा: 'रेघ आणि भरणीत कुठे कुठे एका सुताएवढी फट'. फट दाण्याएवढी असेल तर ती चूक आहे, तो दुपट्टा वेगळा काढा.

कुठली गोष्ट कामाची ढब आणि कुठली चूक, यात मीही एकदा घसरले. मे महिना होता, पाण्याची ओढ होती, तुरटी छापलेले दुपट्टे मी एकाच टबात, घड्या न सोडता धुतले. मंजिष्ठेतून काढले तर प्रत्येक बुट्टीच्या बाजूला फिकट गुलाबी सावली. मी ते 'हातकामातली नैसर्गिक पसरण' असं लिहून प्रदर्शनात मांडले. धरमपेठेतल्या एका वयस्क बाईंनी दुपट्टा उघडला, मधल्या घडीवर दुमडला, पुन्हा उघडला आणि म्हणाल्या, "अगं, हे पसरलं नाही, हे उमटलं आहे. इकडची सावली तिकडे आरशासारखी आहे बघ. डाग आहे न हा, डागच म्हण." त्यांचं खरं होतं. कापडाला न चिकटलेली तुरटी पाण्यात सुटली होती आणि समोरच्या घडीवर जाऊन बसली होती. हरड्याचं कापड तुरटीला लगेच धरतं, मग मंजिष्ठेत तिथेही रंग चढणारच. तेव्हापासून पहिलं धुणं भरपूर पाण्यात, कापड उघडं धरून आणि सतत हलवत. पाणी कमी असेल तर त्या दिवशी धुतच नाही. तुम्हीही माल घेताना दुपट्टा घडीवर दुमडून बघा. डाग घडीच्या दोन्ही बाजूंना आरशासारखा जुळला तर धुण्याची चूक. एकाच बाजूला, रेघेला लागून, बारीक असेल तर हाताची हालचाल.

पावसाळ्यातही असं होतं, पण कारण वेगळं. हवेत ओल असली की छाप वाळत नाही, धाग्याच्या ओढीने पसरते आणि रेघ फुगते. मे महिन्यात उलट, नऊ वाजल्यानंतर पीठ ठशाच्या खाचेत वाळतं आणि छाप तुटक येते. म्हणून माझं छापायचं काम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात पहाटे सहा ते नऊ, बाकी दिवस हरडा वाळवायला चांगला.

हाताला लागणं सांगायचं तर एक प्रयोग करा. डोळे मिटून बोट दुपट्ट्यावरून फिरवा, जमिनीवरून बुट्टीवर आणि परत जमिनीवर. या पद्धतीच्या छापेत बुट्टी कुठे सुरू झाली ते बोटाला कळत नाही. रंग धाग्याच्या आत बसलेला असतो, वर थर नसतो. चिकटवणारं द्रव्य घालून छापलेल्या कापडात बोट लगेच अडतं, तिथे पातळ पापुद्र्यासारखं लागतं, चुरगळलं की बारीक कडक आवाज येतो. तुमच्या छापेवर बोट अडत असेल तर चिंचोक्याचं पीठ किंवा डिंक अजून कापडात आहे. आणखी दोनदा पाण्यातून काढा. उलटी बाजूही पाहा. मलमलीवर काळी रेघ मागे जवळजवळ तितकीच स्पष्ट उतरते. जाड खादीवर मागे पुसट दिसते, तेव्हा तसं लिहावं लागेल.

बाकी स्पर्शाला 'मऊ' हा शब्द पुरत नाही, कारण मलमल आणि साटीन दोन्ही मऊच. मुळं, फुलं, हरडा यांतून निघालेली मलमल पहिल्या एक-दोन घड्यांना कोरडी लागते, थोडी करकरीत, नव्या वहीच्या पानासारखी. तीन-चार धुण्यांनंतर ती अंगावर पडायला लागते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं की पहिल्या दिवशीचा करकरीतपणा त्याला दोष वाटत नाही. वास असेल तर तोही लिहा. लोखंड-गुळाच्या काळ्याला नवेपणी किंचित आंबूस, मातीसारखा वास राहतो आणि दोन धुण्यांत जातो. हात लावून फरक समजून घ्यायचा असेल तर वर्धा फार लांब नाही. 1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय तिथे आहे, आणि नैसर्गिक रंगाची खादी तिथे हाताळायला मिळते.

फोटोबद्दल थोडक्यात. दुपारच्या उन्हात काढू नका, पिवळ्या बल्बखाली तर नाहीच. सकाळी सावलीत काढा आणि चौकटीच्या कोपऱ्यात एक कोरा पांढरा कागद ठेवा. त्या कागदाशी ताडून गिऱ्हाइकाला जमिनीची साय दिसते.

पुढे रंगाचं काय होईल तेही लिहिलं पाहिजे. लाल उन्हाला बरा टिकतो, जमीन हळूहळू फिकी होते. काळा लिंबाला घाबरतो. सावजीत बसून रश्श्यात लिंबू पिळताना थेंब काळ्या रेघेवर पडला तर तिथे रेघ उडून पिवळट ठिपका राहील, कारण आंबटाने लोखंड सुटतं. लगेच पाणी ओतलं तर बऱ्याचदा वाचतं. सोडा जास्त असलेल्या पावडरीत लाल गुलाबी-जांभळा होतो, म्हणून रिठा किंवा साधा सौम्य साबण. आणखी एक, लोखंडाचं प्रमाण जास्त झालं असेल तर काही वर्षांनी कापड नेमकं काळ्या रेघेवरच विरतं. जुन्या छापील कापडांत काळ्याच्या जागी भोकं दिसतात ती यामुळे. छापून देणाऱ्याला विचारा की काळं पाणी किती दाट वापरतो. 'जास्त काळा करून देतो' म्हणाला तर नको म्हणा.

त्या 12 दुपट्ट्यांसाठी मी शेवटी असं लिहिलं होतं:

'मलमल, अडीच मीटर. जमीन तांबूस सायीची, पांढरी नाही. रेघ शाईसारखी काळी, उन्हात जांभळट. भरणी विटकरी लाल, मंजिष्ठेच्या मुळाची. प्रत्येक बुट्टी हाताने छापलेली, रेघ आणि भरणीत कुठे कुठे एका सुताएवढी फट आहे, जोडावर रंग किंचित गडद आहे. छाप बोटाला लागत नाही. पहिल्या घडीला कापड कोरडं आणि करकरीत लागेल, तीन-चार धुण्यांत सैल पडेल. नवेपणी हलका आंबूस वास येतो, तो जातो. लिंबू आणि सोड्यापासून जपा. जमीन उन्हाने हळूहळू फिकी होईल.'

बारातले अकरा विकले गेले. बारावा परत आला, रेघ आणि भरणीतली फट दाण्याएवढी होती आणि माझ्या नजरेतून सुटली होती. पैसे दिले, दुपट्टा आता शेडमध्ये ठशांवर झाकायला आहे.